विनावेतन झालेले २४ दिवस आणि उशिरा मिळालेलं मेडिकल सर्टिफिकेट

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे, २०१९ ची भरती. कावीळ झाल्यामुळे ११ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०२५ माण तालुक्यात गावी होतो. आधी गावठी औषध घेतलं, १९ तारखेला दहिवडीला डॉक्टरांना दाखवलं. हजर होताना सर्टिफिकेट नव्हतं, म्हणून ऑफिसच्या सांगण्यावरून ‘घरगुती अडचण’ लिहून विनावेतन रजेचा अर्ज दिला. २४ दिवसांचा पगार कापला. आता डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी ११ ऑगस्टची तारीख टाकून सर्टिफिकेट दिलंय. ते जोडून रजा मेडिकल करून मिळेल का?

उत्तर :

मिळू शकेल, आणि नीट मागितलंत तर चोविसच्या चोवीस दिवसांचा पूर्ण पगार मिळू शकेल. पण हातात आहे ते सर्टिफिकेट ऑफिसात देऊ नका. अजून दिलं नसेल तर उद्याच दहिवडीला जाऊन डॉक्टरांना परत करा आणि दुसरं मागा. तुमचं सगळं प्रकरण या एका कागदावर तरेल किंवा बुडेल, म्हणून आधी त्याचंच सांगते.

डॉक्टरांनी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं १९ ऑगस्टला. रक्ताचा रिपोर्ट त्याच दिवसाचा असणार, औषधाच्या दुकानाचं बिलही. मग ११ ऑगस्टला सही केलेलं सर्टिफिकेट आलं कुठून, हा प्रश्न आस्थापना शाखेतला कुणीही जुना माणूस पहिल्या मिनिटाला विचारेल. मी वीसेक वर्षं आस्थापनेवर काढली. सर्टिफिकेट आलं की आम्ही आजाराचं नाव नंतर वाचायचो. आधी सहीची तारीख, मग पहिल्या तपासणीची तारीख, मग सोबतच्या बिलांच्या तारखा. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की फाईल बाजूला पडायची आणि ‘संशयास्पद’ हा शेरा एकदा टिपणीत चढला की पुढचा कोणताही अधिकारी तो खोडत नाही. तुम्ही खरोखर आजारी होता. खरा आजार चुकीच्या तारखेच्या कागदामुळे खोटा ठरावा, हे मला बघवत नाही.

डॉक्टरांनाही यात धोका आहे, तो त्यांना माहीत असेलच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक वर्तनाच्या विनियमांप्रमाणे डॉक्टरांनी दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवही ठेवायची असते, त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि ओळखीची एक तरी खूण घ्यायची असते आणि सर्टिफिकेटची प्रत स्वतःकडे ठेवायची असते. खोटं किंवा दिशाभूल करणारं सर्टिफिकेट दिल्यास नोंदणी रद्द होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. कार्यालयाने पडताळणीचं पत्र पाठवलं आणि ऑगस्टच्या पानावर तुमची नोंद निघाली नाही, तर डॉक्टर अडचणीत येतात आणि तुमच्यावर विभागीय चौकशी लागते. चोवीस दिवसांच्या पगारासाठी एवढं पणाला लावू नये.

उशिरा दिलेलं सर्टिफिकेट आणि मागची तारीख टाकलेलं सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं पूर्णपणे चालतं. डॉक्टरांनी त्यावर आजचीच तारीख घालायची आणि आपल्याकडच्या किंवा तुमच्याकडच्या केसपेपरवरून, तेव्हा काय पाहिलं ते लिहायचं. मजकूर साधारण असा हवा :

“प्रमाणित करण्यात येते की, श्री. … यांची दि. १९.०८.२०२५ रोजी प्रथम तपासणी केली. त्यांना कावीळ झाल्याचे तपासणीत व रक्ताच्या अहवालात आढळले. त्यांच्यावर दि. १९.०८.२०२५ ते दि. ०३.०९.२०२५ या काळात बाह्यरुग्ण म्हणून उपचार केले व या संपूर्ण काळात त्यांना विश्रांतीचा सल्ला दिला होता. दि. ०४.०९.२०२५ पासून ते कामावर हजर होण्यास योग्य होते. तपासणीपूर्वी सुमारे आठ दिवसांपासून लक्षणे असल्याचे रुग्णाने सांगितल्याची नोंद आहे. हे प्रमाणपत्र रुग्णाच्या विनंतीवरून उपचाराच्या कागदपत्रांच्या आधारे आज दि. … रोजी दिले आहे.”

खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. तुमची सही डॉक्टरांसमोर घ्यायची, तीही सर्टिफिकेटवरच. यातलं एकच वाक्य जपून वापरा, ते म्हणजे आधीच्या आठ दिवसांच्या लक्षणांचं. केसपेपरवर तशी नोंद असेल तरच ते येईल, नसेल तर डॉक्टरांना ते लिहायला लावू नका. तंदुरुस्तीचं वाक्य मात्र हवंच. वैद्यकीय कारणाच्या रजेवरून परत येताना फिटनेस सर्टिफिकेट दिल्याशिवाय हजर करून घेऊ नये असा नियम आहे. तुम्ही ते न देता हजर झालात. ती उणीव या एका वाक्याने भरून निघते, वेगळा कागद लागत नाही.

डॉक्टर कागदपत्रं शोधायला कंटाळत असतील तर लेखी विनंती द्या. रुग्णाने मागितल्यावर उपचाराची कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत असं तेच विनियम सांगतात. मात्र नोंदी तीन वर्षं सांभाळण्याचं बंधन दाखल रुग्णांच्या बाबतीत आहे. तुम्ही दाखल नव्हता. त्यामुळे केसपेपर तुमच्याच घरी कपाटात असण्याची शक्यता जास्त आहे, आधी तिथे बघा. लॅबमध्ये गेलात तर जुना रिपोर्ट पुन्हा छापून मिळतो आणि त्यावर नमुना घेतल्याची मूळ तारीख येते. काविळीत बिलिरुबिनचे दोन रिपोर्ट असले, एक वाढलेला आणि एक उतरलेला, तर तुमचा आजारपणाचा काळ त्या दोन तारखांनी आपोआप आखला जातो. माझ्या मते सर्टिफिकेटपेक्षाही हे दोन रिपोर्ट भारी आहेत. कार्यालयाला शंका आली तर सक्षम अधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दर्जाच्या सरकारी डॉक्टरांचं दुसरं मत मागू शकतात. पण ऑगस्टमधली कावीळ डिसेंबरमध्ये साताऱ्याच्या सिव्हिलला कुणी तपासून सांगू शकत नाही. ते फक्त कागद बघतील, आणि कागदांत रिपोर्टच बोलतो.

आता पहिल्या आठ दिवसांचं. ११ ते १८ ऑगस्ट तुम्ही गावठी औषधावर होता. आपल्याकडे कावीळ म्हटलं की आधी औषध देणारा माणूस गाठायचा, पथ्य पाळायचं आणि उतार पडला नाही तर डॉक्टर, हे घरोघरी चालतं. त्याचा परिणाम असा की आजारपणाचे सुरुवातीचे दिवस कुठल्याच कागदावर येत नाहीत. त्या दिवसांसाठी नोंदणीकृत डॉक्टर सर्टिफिकेट देऊ शकत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी ११ तारीख टाकली ती बहुधा हेच आठ दिवस झाकायला. पण ते झाकायची गरजच नाही.

कारण रजा नियमांत ‘मेडिकल रजा’ असं वेगळं खातंच नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये तुमच्या कामाची दोन खाती आहेत. एक अर्जित रजा, नियम ५०. ती दर १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस जमा होते, पूर्ण पगारी असते आणि तिला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही. दुसरी अर्धवेतनी रजा, नियम ६०. ती दर सहामाहीला दहा दिवस जमा होते. ही खासगी कारणासाठीही मिळते आणि आजारासाठीही, पण पगार निम्मा. आजारपणाचं सर्टिफिकेट असेल तर हीच अर्धवेतनी रजा पूर्ण पगारी करून घेता येते. तिला परिवर्तित रजा म्हणतात, नियम ६१, आणि जितके दिवस परिवर्तित घ्याल त्याच्या दुप्पट दिवस अर्धवेतनी खात्यातून वजा होतात. आपण ज्याला मेडिकल म्हणतो ती ही परिवर्तित रजा.

म्हणजे सर्टिफिकेटवर फक्त एकच गोष्ट ठरते : परिवर्तित रजा मिळेल की नाही. ते पूर्ण नाकारलं गेलं तरी तुम्हाला विनावेतन राहण्याचं कारण नाही, कारण अर्जित रजा आणि अर्धवेतनी रजा सर्टिफिकेटशिवायही देय होतीच. बहुतेक अर्ज इथेच फसतात. लोक लिहितात, ‘सोबत सर्टिफिकेट जोडले आहे, रजा मेडिकल करावी’. सर्टिफिकेटवर आक्षेप निघाला की अर्ज पूर्णच फेटाळला जातो. मागणी एका कागदाला बांधू नका.

तुमच्या बाबतीत मी असं मागेन. ११ ते १८ ऑगस्ट हे आठ दिवस अर्जित रजा. १९ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर, म्हणजे ऑगस्टचे तेरा आणि सप्टेंबरचे तीन मिळून सोळा दिवस, परिवर्तित रजा. आणि ती मंजूर करता येत नसेल तर त्याच सोळा दिवसांसाठी अर्धवेतनी किंवा शिल्लक असेल तशी अर्जित रजा. वेगवेगळ्या प्रकारच्या रजा एकमेकींना जोडून देता येतात, त्यात अडचण नाही. मधले शनिवार-रविवार, १५ ऑगस्ट, गणेश चतुर्थी हे सगळे रजेतच मोजले जातात, ते वगळून मागू नका. ऑफिसनेही पगार कापताना ते धरलेलेच आहेत.

आकडे मांडून बघू. समजा तुमचं मूळ वेतन २५,२०० रुपये आहे. ऑगस्टला एका दिवसाचे सुमारे ८१३ रुपये पडतात, एकवीस दिवसांचे १७,०७१. सप्टेंबरला दिवसाला ८४०, तीन दिवसांचे २,५२०. एकूण १९,५९१ रुपये मूळ वेतनातले गेले, वर त्यावरचा महागाई भत्ता. अर्जित आणि परिवर्तित दोन्ही मंजूर झाल्या तर हे सगळे परत येतात. परिवर्तित नाकारून सोळा दिवस अर्धवेतनी दिली तर आठ दिवसांचे ६,५०३ पूर्ण आणि सोळा दिवसांच्या १३,०८८ चे निम्मे ६,५४४, असे साधारण १३,०४७ मिळतात. खात्याच्या बाजूने बघा. १ जुलै २०२५ ला अर्जित ६१ आणि अर्धवेतनी ११२ शिल्लक होती असं धरलं, तर अर्जित ५३ उरते आणि अर्धवेतनीतून सोळाच्या दुप्पट बत्तीस जाऊन ८० उरते. तुमचे खरे आकडे सेवापुस्तकातल्या रजा लेख्यात आहेत. अर्ज लिहिण्याआधी तो लेखा स्वतः डोळ्यांनी बघा, आणि आजची शिल्लक न बघता ११ ऑगस्टची बघा. रूपांतर करताना जी रजा त्या वेळी देय होती तीच देता येते. नंतर जमा झालेली मागे ओढता येत नाही.

काहीजण म्हणतील, सगळे चोवीस दिवस अर्जितच टाका, सर्टिफिकेटचा त्रास नको. शिल्लक भरपूर असेल आणि डॉक्टर सहकार्य करत नसतील तर तो मार्ग वाईट नाही. पण अर्जित रजेचे निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण होतं. म्हणून खरा आजार असेल तिथे अर्धवेतनी खातं खर्च करावं असं माझं मत आहे. ते खातं त्यासाठीच आहे.

आता रूपांतराचा नियम. ज्या अधिकाऱ्याने रजा मंजूर केली, तोच ती पूर्वलक्षी प्रभावाने दुसऱ्या प्रकारात बदलू शकतो आणि पगाराचा फरक त्याप्रमाणे देतो किंवा वसूल करतो. तो कर्मचाऱ्याचा हक्क नाही, अधिकाऱ्याची मुभा आहे. यासाठी आधी एक गोष्ट तपासा : तुमच्या विनावेतन रजेचा आदेश निघालाय का? अर्ज दिला आणि पगार कापला एवढ्यावर आदेश निघालाच असं नसतं. अनेकदा नुसती सेवार्थमध्ये दिवस कमी करून पगार काढलेला असतो आणि अर्ज फाईलला पडून असतो. आदेश निघाला असेल तर तो ‘असाधारण रजा, नियम ६३’ असा असेल, आणि मग तुम्ही रूपांतर मागायचं. आदेश नसेल तर रूपांतर करायला रजाच अस्तित्वात नाही. तेव्हा जुना अर्ज मागे घेऊन नव्याने रजा मंजुरी मागायची, हे काम उलट सोपं आहे. तिसरी शक्यता वाईट : गैरहजेरी अनधिकृत ठरवून तसा आदेश निघाला असेल, तर आधी तो आदेश रद्द करून घ्यावा लागतो. तुमच्या वर्णनावरून तसं दिसत नाही, पण आस्थापनेत विचारून खात्री करा.

वेळेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना अशी विनंती हजर झाल्यापासून ३० दिवसांत करावी लागते. तुम्ही राज्याचे कर्मचारी, तुम्हाला केंद्राचा नियम लागू नाही. तरी अधिकाऱ्यांच्या मनात ‘एवढे दिवस काय करत होतात’ हा प्रश्न येतोच, म्हणून उशिराचं कारण अर्जात स्वतःहून लिहा. आणखी एक महिना जाऊ देऊ नका.

सगळ्यात अवघड मुद्दा तुमच्या हातचा आहे, तो म्हणजे हजर अहवालातली ‘घरगुती अडचण’. सर्टिफिकेट कितीही चांगलं असलं तरी आस्थापनेचा माणूस तो अहवाल पुढे ठेवणार आणि म्हणणार, सप्टेंबरमध्ये घरगुती अडचण होती, डिसेंबरमध्ये कावीळ झाली. यावर गप्प राहिलात तर ते खरं धरलं जाईल. अहवाल बदलून द्यायचा किंवा फाईलमधून काढून घ्यायचा विचारही नको. जे झालं ते अर्जात सरळ लिहा : त्या वेळी सर्टिफिकेट जवळ नव्हतं, त्याशिवाय वैद्यकीय कारण नमूद करता येणार नाही असं समजल्याने तसं लिहिलं, प्रत्यक्षात कारण आजारपणाचं होतं. कुणी तसं लिहायला सांगितलं त्याचं नाव घालू नका, तो माणूस तुमचीच फाईल हाताळणार आहे. आणि आजारी असल्याचं त्या वेळी कुणाला कळवलं होतं का ते आठवा. ११ किंवा १२ ऑगस्टला साहेबांना किंवा विभागाच्या ग्रुपवर व्हॉट्सॲपने ‘कावीळ झाली, येऊ शकत नाही’ असा मेसेज केला असेल, तर तारीख दिसेल असा त्याचा प्रिंट जोडा. हजर अहवालाविरुद्ध तो एकच पुरावा उभा राहू शकतो, कारण तो त्याच दिवसांतला आहे. मी असताना अशी एक फाईल मंजूर झाली ती केवळ तेवढ्यावर. सर्टिफिकेटवर साहेबांचा विश्वास बसत नव्हता, स्वतःच्या फोनमध्ये जुना मेसेज सापडल्यावर बसला.

अर्ज एका पानाचा पुरे. नमुना देते, आपल्या तारखा घालून घ्या :

“विषय : दि. ११.०८.२०२५ ते ०३.०९.२०२५ या कालावधीतील असाधारण रजेचे अर्जित व परिवर्तित रजेत रूपांतर करणेबाबत.

महोदय, मी वरील २४ दिवस काविळीमुळे कार्यालयात उपस्थित राहू शकलो नाही. दि. ०४.०९.२०२५ रोजी हजर होताना वैद्यकीय प्रमाणपत्र उपलब्ध नसल्याने हजर अहवालात ‘घरगुती अडचण’ असे नमूद करून असाधारण रजेचा अर्ज दिला होता. प्रत्यक्षात अनुपस्थिती आजारपणामुळे होती. आजारी असल्याचे दि. … रोजी संदेशाद्वारे कळविले होते, त्याची प्रत सोबत आहे. उपचाराची कागदपत्रे गोळा करण्यास व प्रमाणपत्र मिळण्यास विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.

त्या वेळी माझ्या रजा लेख्यात अर्जित व अर्धवेतनी रजा शिल्लक होती. तरी दि. ११.०८.२०२५ ते १८.०८.२०२५ (८ दिवस) अर्जित रजा व दि. १९.०८.२०२५ ते ०३.०९.२०२५ (१६ दिवस) वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे परिवर्तित रजा मंजूर करावी. परिवर्तित रजा मंजूर करणे शक्य नसल्यास सदर १६ दिवसांसाठी अर्धवेतनी किंवा देय असलेली अन्य रजा मंजूर करावी व वेतनाचा फरक अदा करावा, ही विनंती.”

सोबत नवं सर्टिफिकेट, केसपेपर, दोन्ही रिपोर्ट, औषधांची बिलं, मेसेजचा प्रिंट आणि असल्यास असाधारण रजेच्या आदेशाची प्रत. मूळ सर्टिफिकेट द्या, बाकी कागदांच्या छायांकित प्रती द्या आणि मूळ स्वतःकडे ठेवा. आदेश निघाला नसेल तर विषयात ‘रूपांतर’ ऐवजी ‘दि. … चा अर्ज मागे घेऊन रजा मंजुरी’ असं करा. अर्ज तुमच्या थेट वरिष्ठांमार्फत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. टेबलावर ठेवून येऊ नका.

पुढे तुमच्या फाईलवर टिपणी चढेल. टिपणीत साधारण दोन आक्षेप येतात. एक, प्रमाणपत्र उशिरा आहे. त्याचं उत्तर अर्जात आहे. दुसरा, रजा मंजूर केली तेव्हा प्रमाणपत्र नव्हतं म्हणून परिवर्तित रजा अनुज्ञेय नव्हती. हा आक्षेप थोडा बारीक आहे आणि अधिकाऱ्यांवर त्याचा परिणाम होतो. त्याला तोंडी उत्तर द्यायची वेळ आली तर शांतपणे एवढंच म्हणा : आजार त्या वेळी होता, रजा खात्यात त्या वेळी होती, प्रमाणपत्र हा फक्त त्याचा पुरावा आहे आणि तो आता आला. तरीही साहेब ठाम राहिले तर वाद वाढवू नका, पर्यायी मागणीकडे बोट दाखवा. अर्धवेतनी रजेच्या आड हा आक्षेप येत नाही.

नकार आलाच तर तो लेखी आणि कारणासह मागा. माहितीच्या अधिकारात तुमच्याच फाईलच्या टिपणीची प्रत मिळते, ३० दिवसांत द्यावी लागते, आणि नेमकं कुठे अडलं ते तिच्यात दिसतं. मग वरच्या कार्यालयाकडे निवेदन द्या. त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, तिथे साधारणपणे एका वर्षाच्या आत जावं लागतं. पण वीसेक हजारांसाठी मुंबईला खेपा घालाव्यात असं मी कुणाला सांगणार नाही. हे प्रकरण तुमच्या कार्यालयातच सुटण्यासारखं आहे. काहीच रूपांतर झालं नाही तरी सर्टिफिकेट सेवापुस्तकाला लावून सोळा दिवसांची असाधारण रजा ‘वैद्यकीय कारणास्तव’ अशी नोंदवून घ्या. वैद्यकीय कारणाची असाधारण रजा आणि बिगर वैद्यकीय कारणाची असाधारण रजा यांना सेवा मोजताना वेगळी वागणूक मिळते.

मंजुरी मिळाली की आदेशात तीन गोष्टी आहेत ना ते बघा : जुना आदेश अधिक्रमित केल्याचा उल्लेख, दोन्ही रजांच्या तारखा वेगवेगळ्या, आणि अर्धवेतनी खात्यातून ३२ दिवस वजा केल्याचं वाक्य. मग सेवापुस्तकात नोंद आणि रजा लेख्यात दुरुस्ती, आणि त्यानंतर फरकाचं देयक. पगार आधी काढलेला नाही अशी नोंद आहरण व संवितरण अधिकारी त्यावर देतात, मूळ महिन्याच्या नोंदीसमोरही फरक काढल्याचं लिहिलं जातं, म्हणजे पुढे वेतन पडताळणीत दुबार अदायगीचा प्रश्न येत नाही. तुम्ही २०१९ चे, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतले. विनावेतन दिवसांमुळे ऑगस्ट-सप्टेंबरची तुमची १० टक्के वर्गणी आणि शासनाचा १४ टक्के हिस्सा दोन्ही कमी गेले असणार. फरकाच्या देयकात या दोन्ही रकमा धरल्या आहेत का ते देयक सादर होण्याआधी विचारा, नंतर ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि अर्जित रजेच्या खात्यात एक कपात होणार आहे, तीही थांबवा. मागच्या सहामाहीत असाधारण रजा घेतली असेल तर तिच्या एकदशांश दिवस पुढच्या जमेतून कमी करतात. तुमचे २४ दिवस, म्हणजे २.४, पूर्णांकात २. येत्या १ जानेवारीला तुमच्या खात्यात पंधराऐवजी तेरा दिवस जमा होतील. रूपांतराचा आदेश त्यानंतर आला तर हे दोन दिवस आपोआप परत येत नाहीत, रजा लेखा लिहिणाऱ्या माणसाला आदेश दाखवून ती ओळ दुरुस्त करून घ्यावी लागते आणि तिच्यासमोर अधिकाऱ्यांची सही घ्यावी लागते.